खोदकामाच्या मोजमापाचे छोटे ड्रोन काम बांधकाम कंपनीला ई-मेलने कसे सुचवावे

गोव्यात ड्रोन सर्वेक्षण करणारे आमच्यासारखे लहान व्यावसायिक बांधकाम कंपन्यांना मेल पाठवतात आणि बहुतेकांना उत्तर येत नाही. उत्तर आलेच तर पुढच्या दोन आठवड्यांत काम फिसकटते. गेल्या काही वर्षांत अनेक सहकाऱ्यांचे मेल मी वाचले. त्यांतील भाषा क्वचितच वाईट होती, क्रम मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी चुकलेला होता. मेल आधी जातो. त्या साइटवर उडता येईल का, नेमके काय मोजायचे, आणि मोजमाप बरोबर आले हे कोण व कशावरून ठरवणार, हे प्रश्न होकार आल्यावर सुचतात. या लेखात तोच क्रम सुलटा करून मांडला आहे. बांधकामाच्या प्रगतीची अनेक अंगे ड्रोनने टिपता येतात, पण पहिल्या कामासाठी मी एकच सुचवतो, ते म्हणजे खोदकामाचे घनमीटर. हा आकडा कंपनीकडे स्वतःचाही असतो, म्हणून तो ताडून पाहता येतो.

एक शब्द आधीच बाजूला ठेवावा. अशा छोट्या कामाला ‘पायलट’ म्हणण्याची पद्धत आहे, पण ड्रोनच्या व्यवहारात पायलट म्हणजे ड्रोन उडवणारा माणूस. ‘पायलटचा खर्च’ असे लिहिले की वाचणाऱ्याला ते त्या माणसाचे मानधन वाटते. म्हणून मेलमध्ये ‘चाचणी सर्वेक्षण’ असे लिहावे.

## १. कंपनी निवडण्याआधी नकाशा पाहावा

ड्रोन नियम, २०२१ नुसार हवाई क्षेत्र हिरवे, पिवळे आणि लाल अशा तीन भागांत विभागले आहे. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि लाल क्षेत्रासाठी केंद्र सरकारची. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्याची मर्यादा ६० मीटरवर येते. गोवा लहान आहे आणि त्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा तळ तर नौदलाचा आहे, त्यामुळे मुरगाव तालुक्यातील कामांची मोठी अडचण होते, आणि मोपा सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यातही तीच गत आहे.

मी हा धडा नुकसान सोसून शिकलो. मुरगाव तालुक्यातील एका बांधकाम कंपनीला मी उत्साहाने मेल पाठवला आणि दोनच दिवसांत होकार आला. मग नकाशा उघडला, तेव्हा ती साइट हिरव्या क्षेत्रात नव्हती. परवानगीच्या पत्रव्यवहारात तीन आठवडे गेले, तोवर त्यांचे खोदकाम संपून पाया भरायला सुरुवात झाली होती. त्या इंजिनिअरने नंतर माझा फोन घेतला नाही, आणि त्याचे चुकले असे मला वाटत नाही.

म्हणून पहिल्या चाचणीसाठी स्पष्ट हिरव्या क्षेत्रातीलच साइट निवडावी. फोंडा, डिचोली, सांगे या बाजूला अशा जागा तुलनेने सहज सापडतात, पण तालुक्याच्या नावावर विसंबू नये. साइटची हद्द अधिकृत हवाई नकाशावर प्रत्यक्ष ठेवून पाहावी आणि त्याची तारखेसह प्रत जपावी.

तपासणी: ड्रोनचा नोंदणी क्रमांक, उडवणाऱ्याचे रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि तृतीय पक्ष विमा या तिन्ही कागदांची मुदत चाचणीच्या शेवटच्या उड्डाणापर्यंत आहे का, ते पाहावे. मेल पाठवताना चालू असलेला विमा तिसऱ्या फेरीच्या आधी संपलेला असू शकतो.

इशारा: नकाशा बदलतो, आणि मोठ्या व्यक्तींच्या दौऱ्यात किंवा मोठ्या कार्यक्रमांच्या वेळी तात्पुरती बंदी येते. मेलमध्ये ‘परवानगीची गरज नाही’ असे कायमचे विधान करू नये. ‘अमुक तारखेला पाहिल्याप्रमाणे साइट हिरव्या क्षेत्रात आहे आणि प्रत्येक उड्डाणाच्या सकाळी पुन्हा खात्री केली जाईल’ असे लिहावे.

## २. साइट कोणत्या टप्प्यावर आहे आणि मेल कोण वाचणार, हे शोधावे

गोवा रेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्पांची माहिती सर्वांना पाहता येते. रेरा कायद्यानुसार विकसकाला दर तीन महिन्यांनी तेथे प्रगतीची माहिती अद्ययावत करावी लागते. त्यावरून प्रकल्प कुठवर आला आहे याचा अंदाज येतो. त्यानंतर एकदा साइटवरून रस्त्याने जाऊन यावे. जेसीबी किंवा पोकलेन चालू आहे, टिपर ये-जा करत आहेत आणि उतार अजून पूर्ण कापलेला नाही, एवढे दिसले तर ती साइट आपल्या कामाची. गिलावा, फरशी, प्लंबिंग यांच्या टप्प्यावरची साइट सोडून द्यावी, कारण छताखालचे काम वरून दिसत नाही. स्लॅब पडला की ड्रोनला फक्त स्लॅबचा माथा दिसतो. खाली टेकू आहेत की विटा चढल्या आहेत, हे त्याला कळत नाही.

मेल कोणाला, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरील सर्वसाधारण पत्त्यावर गेलेला मेल बहुधा विक्री विभाग उघडतो आणि त्याला ड्रोन म्हणजे जाहिरातीचा व्हिडिओ वाटतो. आपला वाचक आहे बिलिंग इंजिनिअर, म्हणजे खोदकाम कंत्राटदाराचे आर. ए. बिल, अर्थात झालेल्या कामाचे दरमहाचे चालू बिल, तपासून त्यावर सही करणारा माणूस. लहान कंपन्यांत हे काम प्रकल्प व्यवस्थापक किंवा मालक स्वतः करतो. कार्यालयात फोन करून ‘खोदकामाची बिले कोण तपासतात?’ एवढेच विचारले तरी नाव मिळते, आणि बहुतेक ठिकाणी पत्ताही मिळतो.

## ३. एकच आकडा निवडावा आणि तो कशाशी ताडायचा, ते ठरवावे

बहुतेक प्रस्ताव याच टप्प्यावर बिघडतात, म्हणून येथे सावकाश जावे.

‘साप्ताहिक प्रगती, नकाशे, त्रिमितीय मॉडेल, घनफळ, व्हिडिओ’ अशी यादी पाठवणाऱ्याला वाटते की आपण भरपूर देत आहोत. बिलिंग इंजिनिअर ती वाचतो आणि यातले काय तपासायचे हेच त्याला कळत नाही. त्याऐवजी एवढेच सांगावे: ‘दोन बिलांच्या तारखांच्या दरम्यान किती घनमीटर खोदकाम झाले, तो आकडा आम्ही देऊ. तुमच्या लेव्हलच्या नोंदींशी तो ताडून पाहावा.’

येथे एक मोठा खड्डा आहे. अनेक साइटवर खोदकाम टिपरच्या फेऱ्यांवर मोजले जाते. जमिनीत दाबून बसलेली माती किंवा चिऱ्याचा थर खोदून टिपरमध्ये भरला की तो सैल होतो आणि फुगतो. मातीच्या जातीनुसार ही फूग साधारण २० ते ३५ टक्के असते. ड्रोन खड्डा मोजतो, म्हणजे जमिनीतले मूळ घनफळ देतो. टिपरच्या फेऱ्या सैल घनफळ देतात. हे दोन आकडे जुळणार नाहीत आणि जुळूही नयेत. हे न समजता ‘तुमचा कंत्राटदार तीस टक्के जास्त बिल लावत आहे’ असा मेल पाठवणारे मी पाहिले आहेत. अशा वाक्याने कंत्राटदार दुखावतो, आणि कंपनीचा अनुभवी इंजिनिअर ते वाचून समजून जातो की पाठवणाऱ्याला खोदकाम कळत नाही. करारात मोजणी मूळ घनफळावर आहे की फेऱ्यांवर, हे पहिल्या भेटीत विचारावे, आणि मेलमध्ये ‘आम्ही जमिनीतले मूळ घनफळ देतो’ हे वाक्य अवश्य घालावे.

दुसरा प्रश्न अचूकतेचा. ‘आमची अचूकता दोन सेंटिमीटर’ हे वाक्य ऐकायला छान वाटते, पण घनफळात त्याचा अर्थ काय होतो, हे फारच थोडे जण सांगतात. फोंडा तालुक्यातील माझे एक काम येथे उदाहरणादाखल घेतो.

भूखंड सुमारे ९,००० चौरस मीटरचा, उताराचा. त्यातील खोदकामाचे क्षेत्र ६,००० चौरस मीटर. पायाभूत उड्डाण २५ जानेवारीला केले आणि पुढचे २५ फेब्रुवारीला, कारण कंत्राटदाराचे बिल दर महिन्याच्या २५ तारखेला बंद होत असे. महिन्याभरात टिपरच्या ४३० फेऱ्या नोंदल्या होत्या, प्रत्येकी १० घनमीटरप्रमाणे ४,३०० घनमीटर. ड्रोनवरून मूळ घनफळ आले ३,३५०. साइटच्या सर्व्हेअरने ऑटो लेव्हल या उंची मोजणाऱ्या उपकरणाने पाच-पाच मीटरच्या जाळीवर, म्हणजे सुमारे २४० ठिकाणी, घेतलेल्या लेव्हलवरून आले ३,२९०. ड्रोन आणि लेव्हल यांतला फरक ६० घनमीटर, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. फेऱ्यांचा आकडा ड्रोनच्या आकड्याहून सुमारे २८ टक्क्यांनी अधिक होता. ही मातीची फूग होती, कंत्राटदाराने काही लबाडी केलेली नव्हती. त्याला बोलावून हे समजावून सांगितले, तेव्हा सुरुवातीला ताठ असलेला तो माणूस पुढच्या उड्डाणाला स्वतः हजर राहिला.

आता याच साइटवर उंचीत सरसकट दोन सेंटिमीटरची चूक राहिली असती, तर ६,००० चौरस मीटरवर १२० घनमीटरचा फरक पडला असता. ३,३५० च्या तुलनेत हे साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे, चालण्यासारखे. पण हेच उड्डाण दर आठवड्याला केले असते आणि त्या आठवड्यात फक्त ५०० घनमीटर खोदकाम झाले असते, तर त्याच १२० घनमीटरने २४ टक्के चूक दाखवली असती. उपकरण तेच, काळजी तीच, पण आकडा कुचकामी. म्हणून ‘दर आठवड्याला उड्डाण’ हे आकर्षक आश्वासन खोदकामासाठी देऊ नये. दोन उड्डाणांमधले काम चुकीच्या मानाने पुरेसे मोठे असले पाहिजे, आणि ते किती, हे क्षेत्रफळावरून आधीच काढता येते.

तपासणी: खोदकामाचे क्षेत्र गुणिले ०.०२ मीटर असा गुणाकार करावा. दोन उड्डाणांच्या दरम्यान अपेक्षित असलेल्या घनफळाच्या पाच टक्क्यांहून हा आकडा मोठा येत असेल, तर उड्डाणांतले अंतर वाढवावे किंवा दुसरी साइट शोधावी.

## ४. चाचणीचा आकार, स्वीकाराची अट आणि रक्कम

एक साइट, तीन उड्डाणे, दोन अहवाल. पहिले उड्डाण पायाभूत असते. त्यातून घनफळ निघत नाही, हे मेलमध्येच सांगावे, नाहीतर पहिल्या फेरीनंतर ‘आकडा कुठे आहे?’ असा फोन येतो. उरलेली दोन उड्डाणे बिल बंद होण्याच्या तारखेला किंवा तिच्या आदल्या दिवशी करावीत. आपल्या सोयीची तारीख ठरवली, की दोन आकडे वेगवेगळ्या कालावधीचे होतात आणि ताडणी निरर्थक ठरते.

स्वीकाराची अट आधीच लिहून द्यावी. वरच्या साइटसाठी आम्ही लिहिले होते की साइटच्या स्वतःच्या लेव्हलच्या मोजणीशी फरक पाच टक्क्यांच्या आत असावा, आणि तपासणी बिंदूंवर उंचीची चूक तीन सेंटिमीटरच्या आत असावी. हे पूर्ण झाले नाही तर त्या फेरीचे पैसे घेणार नाही. ही अट लिहायला धैर्य लागते, पण तिच्यामुळेच इंजिनिअर मेल वरिष्ठांकडे पाठवतो, कारण निर्णय चुकला तर त्याला उत्तर द्यावे लागणार नाही.

चाचणी फुकट करू नये, असे माझे ठाम मत आहे. फुकट कामाला खरेदी आदेश नसतो, खरेदी आदेश नसला की साइटवर कोणीही जबाबदार नसतो, आणि मग उड्डाणाच्या सकाळी फाटकावर चौकीदार अडवतो. रक्कम लहान ठेवावी, पण ती एकच असावी, जीएसटीचा स्पष्ट उल्लेख करून लिहावी, आणि तिसऱ्या उड्डाणाच्या अहवालानंतर देय असावी.

## ५. मेलचा मसुदा

गोव्यातील बांधकाम कंपन्यांचा पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत चालतो, त्यामुळे प्रत्यक्ष मेलची भाषा वाचणाऱ्याप्रमाणे निवडावी. खालील मसुदा आशय आणि क्रम दिसावा म्हणून दिला आहे. रक्कम उदाहरणादाखल आहे.

> विषय: फोंडा येथील साइट – खोदकामाच्या दोन आर. ए. बिलांसाठी ड्रोनने घनफळ मोजणी
>
> माननीय महोदय,
>
> आपल्या फोंडा तालुक्यातील साइटवर खोदकाम चालू असल्याचे पाहिले. येत्या दोन आर. ए. बिलांच्या तारखांना त्या खोदकामाचे घनफळ ड्रोनने मोजून देण्याचे एक छोटे चाचणी सर्वेक्षण आम्ही सुचवत आहोत.
>
> यात तीन उड्डाणे असतील. पहिल्या उड्डाणात सध्याची जमीन नोंदली जाईल. पुढील दोन उड्डाणांनंतर प्रत्येकी तीन कामकाजाच्या दिवसांत दोन पानांचा अहवाल देऊ. आमचा आकडा जमिनीतील मूळ घनफळाचा असेल, टिपरमधील सैल मातीचा नसेल.
>
> आपल्या सर्व्हेअरच्या लेव्हलशी फरक पाच टक्क्यांहून अधिक आला, तर त्या उड्डाणाची रक्कम आम्ही आकारणार नाही.
>
> आपल्याकडून तीन गोष्टी लागतील: साइटवरील बेंचमार्कची लेव्हल, बिलाच्या तारखा, आणि प्रत्येक उड्डाणाच्या वेळी अर्धा तास एक इंजिनिअर. उड्डाण चालू असताना यंत्रे थांबवावी लागणार नाहीत.
>
> १० जानेवारीला पाहिल्याप्रमाणे साइट हिरव्या हवाई क्षेत्रात आहे. प्रत्येक उड्डाणाच्या सकाळी पुन्हा खात्री केली जाईल. नोंदणी, पायलट प्रमाणपत्र आणि विम्याच्या प्रती मागितल्यास पाठवू.
>
> एकूण रक्कम ₹४५,००० अधिक जीएसटी, शेवटच्या अहवालानंतर देय.
>
> बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी साइटवर वीस मिनिटे भेटता येईल का?

सोबत एकच जोडपत्र असावे: पूर्वीच्या कामाच्या अहवालाचे एक पान, ज्यात आधीच्या ग्राहकाचे नाव, साइटचे ठिकाण आणि ओळखू येईल असे छायाचित्र झाकलेले आहे. पूर्वीचे काम नसेल, तर एखाद्या मोकळ्या जागेवरील मातीचा ढीग मोजून त्याचे पान करावे. मोठे व्हिडिओ आणि परवानगी मागणाऱ्या ड्राइव्ह लिंक टाळाव्यात. कार्यालयांत त्या उघडत नाहीत.

इशारा: वाचणाऱ्याच्या साइटचे ड्रोनने काढलेले छायाचित्र आपण होऊन मेलला जोडू नये. ‘बघा, आम्ही तुमची साइट आधीच टिपली’ हे काही जणांना कौशल्य वाटते. मालकाला ते परवानगीविना केलेले उड्डाण वाटते आणि बोलणे तेथेच संपते.

## ६. पाठवण्याची वेळ आणि पाठपुरावा

येथे फार सांगण्यासारखे नाही. गणेश चवथीच्या आठवड्यात साइट रिकामी असते, कामगार गावी गेलेले असतात, तेव्हा मेल पाठवू नये. जून ते सप्टेंबर हा काळ खोदकामाच्या मोजणीला वाईट आहे. खड्ड्यात पाणी साचते आणि पाण्याखालचा तळ छायाचित्रांतून मोजता येत नाही. कापलेल्या उतारावर गवत चढते, आणि ड्रोन गवताचा माथा जमीन म्हणून धरतो. मेल पावसाळ्याच्या शेवटी पाठवून उड्डाणे नोव्हेंबरपासून ठेवावीत.

बिलाच्या तारखेच्या आधीचे तीन-चार दिवस बिलिंग इंजिनिअर मान वर काढत नाही. मेल बिल गेल्यानंतरच्या आठवड्यात पाठवावा. एका कंपनीतील एकाच माणसाला लिहावे. चार कामकाजाच्या दिवसांनी एक फोन, दहा दिवसांनी त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी, आणि मग थांबावे. दुसऱ्या वेळी नवीन काही सांगावे, उदाहरणार्थ पुढच्या बिलाची तारीख धरून उड्डाणाचा प्रस्तावित दिवस.

## ७. होकार आल्यावर, पहिल्या उड्डाणाआधी

लेखी होकारासोबत साइटमालकाचे परवानगीपत्र घ्यावे. ज्या वाड्यात साइट आहे तेथील शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगावे, आणि स्थानिक पोलिस ठाण्याला पत्राने कळवावे. गोव्यातील गावांत घरावरून ड्रोन गेला की लोक चिडतात, आणि ते रास्त आहे. उड्डाणाचा मार्ग हद्दीच्या आत ठेवावा आणि नकाशा हद्दीवर कापूनच द्यावा.

मग उंचीचा पाया. जीपीएसवरून मिळणारी उंची आणि साइटवरील लेव्हल या दोन वेगवेगळ्या पातळ्यांवरून मोजल्या जातात, त्यांत अनेक मीटरांचा फरक असतो. साइटच्या बेंचमार्कवरून, म्हणजे लेव्हल ठरलेल्या पक्क्या दगडावरून, ऑटो लेव्हलने छायाचित्रांत दिसण्यासाठी साइटवर केलेल्या प्रत्येक खुणेची लेव्हल घ्यावी आणि तीच वापरावी. वरच्या आकाराच्या साइटला, ज्यांवर मोजणी बसवायची अशा पाच नियंत्रण खुणा आणि तीन तपासणी खुणा पुरतात. तपासणी खुणा प्रक्रियेत वापरायच्या नसतात. आपली चूक दाखवणे एवढेच त्यांचे काम.

खुणा कुठे कराव्यात, यावर पुढच्या दोन महिन्यांचे काम अवलंबून असते. फोंड्याच्या साइटवर आमच्या मुलाने पहिल्या दिवशी सैल मातीवर चुन्याने सुंदर फुल्या काढल्या होत्या. दुपारी जेसीबी त्यांवरून गेला आणि संध्याकाळपर्यंत आठांपैकी तीन उरल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही खुणा चिऱ्याच्या कुंपणाच्या काँक्रीट खांबांवर, जुन्या मोरीच्या कठड्यावर आणि खोदकामाबाहेरच्या काँक्रीटच्या तुकड्यांवर ऑइल पेंटने काढल्या, प्रत्येकीजवळ क्रमांक लिहिला, आणि मोबाइलने प्रत्येकीचे छायाचित्र घेतले. मार्चपर्यंत एकही पुसली गेली नाही.

## ८. उड्डाणे

उड्डाण सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान घ्यावे. नंतर समुद्राकडचा वारा वाढतो. फार लवकर घेतले तर उताराच्या सावल्या खड्ड्यात लांब पडतात आणि सावलीतल्या मातीवर मोजणी खडबडीत होते. एक इंची सेन्सरच्या २० मेगापिक्सेल कॅमेऱ्याने ६० मीटरवरून एक पिक्सेल सुमारे १.६ सेंटिमीटरचा पडतो, खोदकामाला ते पुरेसे आहे. छायाचित्रांचे एकमेकांवरचे आच्छादन पुढच्या दिशेला ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के ठेवावे.

उंची उड्डाण जिथून सुरू होते तिथून मोजली जाते. उताराच्या साइटवर एकदा वरच्या फाटकापासून आणि पुढच्या वेळी खालच्या रस्त्यापासून उडवले, तर एकाच सेटिंगमध्ये ड्रोन वीस मीटर वर किंवा खाली असतो. तिन्ही वेळा सुरुवातीची जागा एकच ठेवावी आणि तेथे खूण करावी. साइटवर क्रेन असेल, तर तिच्या हाताच्या टोकाहून किमान पंचवीस मीटर वरून उडावे, त्या हिशेबाने उंची हवाई मर्यादेत राहते का हे आधीच पाहावे, आणि क्रेनचालकाला स्वतः जाऊन भेटावे.

तपासणी: साइट सोडण्याआधी तेथेच लॅपटॉपवर सर्व छायाचित्रे उघडून पाहावीत. धूसर छायाचित्रांची एक रांग घरी गेल्यावर सापडली आणि तोवर दुपारपासून पुन्हा खोदकाम सुरू झाले, तर त्या बिलाची जमीन परत मिळत नाही.

## ९. अहवाल देणे

दोन पाने पुरेशी आहेत. पहिल्या पानावर वर घनफळाचा आकडा, खाली तारखा, खोदकामाच्या क्षेत्राची हद्द दाखवणारा नकाशा, आणि कुठे किती खोल कापले ते रंगांनी. दुसऱ्या पानावर तीन तपासणी खुणांवरची प्रत्यक्ष चूक, सेंटिमीटरमध्ये, चांगली असो वा वाईट. आमच्या फेब्रुवारीच्या अहवालात ती एक, दोन आणि तीन सेंटिमीटर होती. सोबत हद्द आणि पृष्ठभाग कॅडमध्ये उघडेल अशी फाइल द्यावी, म्हणजे त्यांचा सर्व्हेअर स्वतः घनफळ काढून पाहू शकेल. हद्दीत फरक असेल तर आकड्यात फरक येणारच, आणि भांडणे बहुतेक वेळा मोजणीवरून नसून हद्दीच्या रेषेवरून होतात. म्हणून खोदकामाची हद्द पहिल्या उड्डाणाआधी बिलिंग इंजिनिअरकडून सही करून घ्यावी, आणि दोन्ही अहवालांत तीच ठेवावी.

आकडा ताडून फरक पाच टक्क्यांपलीकडे गेला, तर लगेच आपली चूक मानू नये आणि त्यांचीही मानू नये. आधी तारखा पाहाव्यात: त्यांच्या लेव्हल कोणत्या दिवशी घेतल्या? मग साइटवरच साठवलेली माती पाहावी. खोदून हद्दीच्या आत ढीग केलेला असेल, तर ड्रोनच्या हिशेबात तो भराव म्हणून वजा होतो. असा ढीग नकाशावर वेगळा आखून वेगळा मोजावा. या दोन गोष्टींनी बहुतेक फरक सुटतो. त्यानंतरही राहिला, तर बेंचमार्क पुन्हा लेव्हलने तपासावा, कारण डंपरचा धक्का लागून तो दगड हलल्याची उदाहरणे आहेत.

शेवटच्या अहवालासोबत पुढच्या कामाचे दरपत्रक जोडू नये. आठवडाभर थांबून इंजिनिअरला एकच विचारावे: तो आकडा बिलात वापरला का? वापरला असेल तर पुढचा प्रस्ताव त्याच साइटच्या उरलेल्या खोदकामाचा द्यावा. वापरला नसेल तर का नाही, हे लिहून घ्यावे. बहुधा उत्तर असते की अहवाल बिल गेल्यावर दुसऱ्या दिवशी आला, आणि मग पुढच्या मेलमध्ये तीन दिवसांच्या जागी दोन दिवस लिहावे लागतात.